पडत्या तिमाहीचं पत्र: दोन मसुदे, बँकेत रक्कम तीच

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एका ओळखीच्या मुलाने मला दोन फाइली पाठवल्या. खाली एकच ओळ: “ताई, यातलं कुठलं पाठवू?” मुलगा नाशिक जिल्ह्यातला, घरची द्राक्षबाग, कंपनी पुण्यात. द्राक्ष निर्यात करणाऱ्या पॅकहाऊसना तो तापमान आणि आर्द्रता मोजणाऱ्या डब्या बसवून देतो. प्री-कूलिंगमध्ये माल चार अंशांपर्यंत वेळेत उतरला का, कोल्ड स्टोरेज रात्री शून्याच्या आसपास टिकलं का, हे मालकाला मोबाइलवर दिसतं. गुंतवणूकदार अकरा. त्यातला एक छोटा फंड, बाकीचे पाच-दहा लाख घातलेले लोक. ऑक्टोबर ते डिसेंबर ही त्याची कमाईची तिमाही, कारण जानेवारीत काढणी सुरू व्हायच्या आत डब्या बसायला हव्यात. आणि नेमकी हीच तिमाही पडली होती. २४ नवी पॅकहाऊस धरली होती, मिळाली ११.

दोन्ही फाइली त्या एकाच तिमाहीवर होत्या. दोन्ही इंग्रजीत, कारण अशी पत्रं आपल्याकडे इंग्रजीतच जातात. इथे मी मराठीत सांगते. त्याच्यासारखंच कुणी आत्ता दोन मसुदे घेऊन बसलं असेल तर पुढचं उपयोगी पडेल.

पहिला मसुदा दीड पानाचा, गुळगुळीत. सुरुवात अशी: “ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये आम्ही ११ नवी पॅकहाऊस जोडली आणि जळगावमध्ये केळी पिकवण्याच्या चेंबरसाठी पहिली चाचणी सुरू केली. लांबलेल्या पावसामुळे काही ऑर्डर पुढे गेल्या आहेत. आमच्याकडे सुमारे नऊ महिने पुरेल इतका निधी आहे.” शेवटी ओळखी करून देण्याची विनंती आणि आभार.

दुसरा मसुदा रात्री दोन वाजता लिहिलेला असावा. साडेतीन पानं. “हे पत्र लिहिणं मला जड जातंय” इथून सुरुवात, मग कोण नोकरी सोडून गेलं, कुठल्या ग्राहकाने फोनवर काय सुनावलं, आपण कुठे कमी पडलो. तिसऱ्या पानावर एकदाचं येतं: “याच गतीने पैसे चार महिने पुरतील.” आणि त्याखाली: “मी तुम्हा सर्वांना निराश केलं आहे.”

कुठलाही संस्थापक यातला पहिला पाठवायला निघतो आणि मग मन खातं म्हणून दुसरा लिहितो. मला विचाराल तर दोन्ही तसेच्या तसे पाठवण्याजोगे नाहीत. पण त्यांच्यात पहिला खोटा आणि दुसरा खरा, एवढाच फरक नाही. तो समजायला पावसापासून सुरुवात करावी लागते.

पाऊस किती, आपण किती

पहिल्या मसुद्यातलं पावसाचं वाक्य खोटं नव्हतं. पाऊस लांबला की ऑक्टोबर छाटणी मागे सरकते, छाटणी मागे गेली की काढणी मागे जाते, आणि माल किती निघणार याची खात्री नसलेला पॅकहाऊसवाला नवीन खर्चाला हात लावत नाही. त्याच्या वडिलांच्या बागेतच छाटणी तीन आठवडे उशिरा झाली होती. मूळ इंग्रजीत त्याने ‘हेडविंड्स’ लिहिलं होतं, म्हणजे समोरून येणारा वारा. हा शब्द दिसला की मी वाचायची थांबते आणि विचारते, वाऱ्याने नेमक्या किती ऑर्डर उडाल्या?

तेच त्याला विचारलं. तेरा कमी पडल्या ना? मग तेरा नावं लिही आणि प्रत्येकासमोर कारण लिही. कारण तुझ्या मनाने नाही, फोन करून. त्याला दोन दिवस लागले. यादी अशी निघाली. सहा पॅकहाऊस खरोखर छाटणीमुळे थांबली होती आणि पुढच्या हंगामात घेऊ म्हणाली, पण आगाऊ रक्कम एकानेही दिली नाही. चौघांनी शेजारच्या पॅकहाऊसमध्ये चौकशी केली, तिथे मागच्या हंगामात डब्यांनी चुकीचे आकडे दाखवले होते, म्हणून नको म्हणाले. आणि तिघांकडे कुणी गेलंच नव्हतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात विक्रीचा माणूस सोडून गेला आणि नवा डिसेंबरात आला. मधल्या काळात त्या तिघांनी स्वतःहून केलेल्या चौकशा मेलमध्ये तशाच पडून राहिल्या.

म्हणजे पाऊस सहा, डब्या चार, आपली ढिलाई तीन. निम्म्याहून जास्त तूट घरचीच.

पहिल्या मसुद्याने सगळी तेरा पावसावर ढकलली. दुसऱ्याने सगळी स्वतःवर ओढली. वाचणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही सारखेच निरुपयोगी, कारण तीन कारणांवर तीन वेगवेगळे उपाय आहेत. पावसावर उपाय एकच, एका पिकावरचं अवलंबन कमी करणं. केळी पिकवण्याची चेंबर वर्षभर चालतात, तिथे छाटणीचा प्रश्न येत नाही, म्हणून जळगावची चाचणी महत्त्वाची. पहिल्या मसुद्यात ती नुसती शोभेची बातमी होती. तीच पावसाच्या शेजारी ठेवली की तिला अर्थ येतो. ढिलाईवरचा उपाय झालेला होता, माणूस आला होता. राहिल्या डब्या, आणि त्यांच्याबद्दल पहिल्या मसुद्यात एक अक्षर नव्हतं.

डबीचा किस्सा जरा सविस्तर सांगते, कारण या पत्रातला विश्वास त्यावर उभा आहे. द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आर्द्रता ९० ते ९५ टक्के ठेवतात, नाहीतर देठ सुकतात. दार उघडलं की बाहेरची गरम हवा आत येते आणि थंड वस्तूवर पाणी धरतं. त्याच्या डबीत केबल जिथून आत शिरते तिथलं रबर पुरेसं घट्ट नव्हतं. पाणी झिरपून कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर चढायचा. तो मला कॅफेत एक परत आलेली डबी उघडून दाखवत होता. टूथपिकने खरवडलं तर हिरवी भुकटी पडली. अशी डबी एकदम बंद पडली असती तर बरं. ती हळूहळू अर्धा-एक अंश चुकीचं दाखवायला लागते. मालकाला वाटतं मशीन बिघडलं, तो कंप्रेसरवाल्याला बोलावतो, दोन हजार रुपये देतो आणि मग कळतं की खोली ठीक होती. या हंगामात बसवलेल्या सगळ्या डब्यांना केबलच्या तोंडाशी नवी ग्लँड, म्हणजे घट्ट बसणारं सील होतं. वीस डब्या तीन आठवडे ९५ टक्के आर्द्रतेत ठेवून पाहिल्या होत्या, एकीतही पाणी शिरलं नव्हतं. आणि जुन्या ३८ ग्राहकांपैकी ३१ जणांनी पुन्हा पैसे भरले होते.

आता हे शेवटचे दोन आकडे बघा. पहिल्या मसुद्यात ते नव्हते, कारण ते सांगायचे तर आधी डबी खराब होती हे सांगावं लागतं. दुसऱ्या मसुद्यात डबी खराब होती हे अख्खं पानभर होतं, पण अपराधी मनाने लिहिताना वीस डब्यांची चाचणी राहूनच गेली. या कंपनीबद्दल कुणाला भरवसा वाटावा अशी सगळ्यात ठोस गोष्ट दोन्ही मसुद्यांतून निसटली होती. चूक लपवली की दुरुस्तीही लपते. माझ्या मते पहिल्या मसुद्याचं खरं नुकसान हेच होतं.

नऊ महिने की चार

एकाच बँक खात्यावरून एकदा नऊ आणि एकदा चार महिने कसे निघाले? त्याने काही लबाडी केली नव्हती. दोन्ही हिशेब एक्सेलमध्ये बरोबर होते.

| | पहिला मसुदा | दुसरा मसुदा |
|---|---|---|
| ३१ डिसेंबरला बँकेत | ५८ लाख | ५८ लाख |
| त्यात मिळवलेली येणी | २१ लाख | नाही |
| महिन्याची तूट | ९ लाख | १४.३ लाख |
| पुरणारे महिने | ८.८ | ४ |

येण्यांपासून सुरू करू. ग्राहकांकडून २१ लाख यायचे होते. ते बँकेतल्या पैशात मिळवणं स्वाभाविक वाटतं, पण महिन्याची तूट काढताना दरमहा येणारी वसुली आपण आधीच वजा केलेली असते, आणि ती वसुली म्हणजेच ही येणी. तोच रुपया एकदा तूट कमी करायला वापरला आणि एकदा शिल्लक वाढवायला. शिवाय २१ लाखांत १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे जवळपास ३.२ लाख त्याचे नाहीतच, आणि बिल फाडल्यानंतर ते सरकारला आधीच भरून झालेत. उरलेल्यातले ९ लाख नव्वद दिवसांपेक्षा जुने, त्यातले पाच अशा माणसाकडे ज्याचं म्हणणं आहे की डब्यांनी माझा एक कंटेनर घालवला. ते पाच लाख धरून चालणं म्हणजे आज्याच्या नावावरची जमीन विकून लग्न ठरवण्यासारखं.

मग तूट. नऊ लाख हा आकडा एप्रिलच्या बजेटमधला, २४ ऑर्डर येतील असं धरून केलेला. प्रत्यक्ष काय झालं ते बँकेच्या स्टेटमेंटवरून दोन ओळींत निघतं. १ ऑक्टोबरला ९२ लाख होते, ३१ डिसेंबरला ५८. तीन महिन्यांत ३४ लाख गेले, म्हणजे महिन्याला सव्वाअकरा लाखांच्या वर. इथेच थांबलो तर पाच महिने दिसतात. पण डिसेंबरात एका मोठ्या निर्यातदाराने पुढच्या दोन हंगामांचे ९ लाख एकदम भरले होते. ते पुन्हा येणार नाहीत. ते काढले तर तिमाहीची तूट ४३ लाख, महिन्याला १४.३ आणि ५८ भागिले १४.३ म्हणजे जवळपास चार.

त्यामुळे दुसऱ्या मसुद्याचा हिशेब बरोबर. पण “चार महिने” एवढंच लिहून सोडलं की वाचणाऱ्याला वाटतं, हा माणूस भिंतीकडे चाललाय आणि ब्रेकवर पाय नाही. प्रत्यक्षात त्याने आणि त्याच्या भागीदाराने कपात ठरवलेली होती. ती पत्रात लिहायची राहिली, कारण “आधी कबूल करू, उपाय नंतरच्या पत्रात”. असं करू नये. गुंतवणूकदार पुढच्या पत्राची वाट बघत नाही, तो लगेच दुसऱ्या गुंतवणूकदाराला फोन करतो.

कपात अशी होती. महिन्याचा खर्च २० लाख. दोघा संस्थापकांचा पगार निम्मा केला तर दीड लाख वाचतात. डबीची पुढची आवृत्ती थांबवली, १.४ लाख. एक जागा भरायची नाही, १ लाख. ऑफिस बाणेरहून लहान जागेत, ६० हजार. एकूण साडेचार लाख. फेब्रुवारीपासून खर्च १५.५ लाख आणि नेहमीची वसुली महिन्याला साधारण ५.७ लाख, म्हणजे तूट ९.८ लाख. जानेवारी जुन्याच खर्चात गेला, त्याअखेर बँकेत ४३.७ लाख राहणार. भागाकार केला की जूनचा दुसरा आठवडा येतो. हंगामात वसुली बरी होते, पण ती यात मुद्दाम वाढवून धरलेली नाही.

पाठवलेल्या पत्रात शेवटी तीन ओळी गेल्या. काहीच बदललं नाही तर एप्रिलअखेर. ठरवलेल्या कपातीनंतर जूनचा मध्य. येणी वेगळी धरलेली नाहीत. तिन्ही ओळी बँक स्टेटमेंटवरून कुणालाही पडताळता येतात. ‘रनवे’ महिन्यांत सांगण्यापेक्षा तारखेत सांगावा असं माझं मत आहे. “नऊ महिने” हा शब्द पत्रासोबत म्हातारा होत नाही. कुणी मार्चमध्ये पत्र उघडलं तरी तिथे नऊच लिहिलेले असतात.

पैसे मागायचे का, आणि याच पत्रात का

पहिल्या मसुद्यात मागणी होती, पण ढोबळ: “आपल्या ओळखीतून संधी कळवा.” अशा ओळीला कुणी काही कळवत नाही. दुसऱ्यात उलट, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात अचानक “आम्हाला ५० लाखांची गरज भासेल” असं होतं, कशासाठी आणि कधीपर्यंत याचा पत्ता नाही.

इथे तारखेचा हिशेब कामाला येतो. खासगी कंपनीने नवे शेअर देऊन पैसे घ्यायचे तर मूल्यांकनाचा अहवाल, बोर्डाचा आणि भागधारकांचा ठराव, ऑफर लेटर ही पायरी आहे. अर्जासोबत पैसे आले की साठ दिवसांत शेअर द्यावे लागतात, आणि शेअर देऊन त्याचं विवरणपत्र दाखल होईपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. कुणी फोनवर “हो” म्हणाल्यापासून पैसे खर्च करता येईपर्यंत आठ-दहा आठवडे मी नेहमीच धरते. जूनच्या मध्यातून दहा आठवडे मागे गेलात तर एप्रिलचा पहिला आठवडा येतो. त्याआधी “हो” मिळायला हवं, म्हणजे विचारायला आत्ता हवं. पहिल्या मसुद्याच्या नऊ महिन्यांवर विसंबला असता तर त्याने निवांत जूनमध्ये विषय काढला असता, बँक रिकामी होताना. फसवणूक आधी स्वतःची होते, गुंतवणूकदाराची नंतर.

त्याच्या मनात कन्व्हर्टिबल नोट होती, म्हणजे आत्ता कर्जासारखे पैसे घ्यायचे आणि त्याचे शेअर पुढे द्यायचे, मूल्यांकनाची कटकट पुढे ढकलता येते म्हणून. सीएने लक्षात आणून दिलं की मान्यताप्राप्त स्टार्टअपला नोटवर पैसे घेताना एका माणसाकडून एका हप्त्यात किमान २५ लाख यावे लागतात. त्याचे लोक पाच-दहा लाखांचे. फंड सोडला तर नोट कुणालाच बसत नव्हती. हे पत्र जायच्या आधी कळलं म्हणून बरं, नाहीतर दहा जणांनी उत्साहाने हो म्हटल्यावर पुन्हा नव्याने समजावत बसावं लागलं असतं. शेवटी पत्रात गेलं ते असं: सध्याच्याच भागधारकांकडून ४० लाख, मागच्याच मूल्यांकनावर, होकार ३१ मार्चपर्यंत. ४० का? नव्या तुटीने चार महिन्यांचे पैसे, म्हणजे जूनच्या मध्याऐवजी ऑक्टोबरचा मध्य, म्हणजे पुढच्या हंगामाची आगाऊ रक्कम यायला लागते तोवर.

आणि ओळखीची विनंतीही राहिली, पण बारीक करून. रावेर-यावल भागात केळी पिकवण्याची चेंबर चालवणाऱ्या दोन मालकांशी बोलायचंय, कुणी ओळखतं का? दुसऱ्या दिवशी एका भागधारकाच्या साडूचा फोन आला.

सूर

दुसऱ्या मसुद्यातल्या माफीचं काय करायचं यावर आमचा वाद झाला. त्याचं म्हणणं, माफी काढली तर मी निगरगट्ट वाटेन. मी म्हटलं, एक वाक्य ठेव. “चार ऑर्डर आमच्या सदोष डब्यांमुळे गेल्या, तीन आम्ही पाठपुरावा न केल्यामुळे.” यात सगळी कबुली आली. “मी तुम्हाला निराश केलं” या वाक्यात मात्र वाचणाऱ्यावर एक काम येऊन पडतं, तुमची समजूत घालायचं. अकरांपैकी तिघे-चौघे प्रेमाने फोन करून धीर देतील आणि तुम्ही एक दिवस धीर घेण्यात घालवाल. आकड्यांबद्दल कुणी काही विचारणार नाही.

सोडून गेलेल्या माणसाचं नाव आणि भांडणाऱ्या ग्राहकाचं नाव काढायला लावलं. ही पत्रं पुढे जातात. कुणीतरी भाच्याला दाखवतं, कुणी ग्रुपवर टाकतं. ग्राहकाने “यांनी माझा कंटेनर घालवला” हे आपलंच वाक्य आपल्या पत्रात वाचलं तर ते पाच लाख कायमचे बुडालेच, वर वकिलाची नोटीस. पहिल्या मसुद्यात ही काळजी होती, नावं कुठेच नव्हती. त्यातून घेण्यासारखं होतं ते हे, आणि लांबी. पाठवलेलं पत्र पावणेदोन पानांचं झालं.

आत्मविश्वासाची जागा दोन्ही मसुद्यांत विशेषणांनी भरली होती. पहिल्यात “भक्कम पाया”, दुसऱ्यात “तरीही आमचा निर्धार अढळ आहे”. दोन्ही गेली. त्याऐवजी पुढच्या तिमाहीबद्दल तीन विधानं आली, आणि तिन्ही चुकू शकतात अशी. या हंगामात बसवलेल्या डब्यांपैकी शंभरात दोनपेक्षा जास्त परत येणार नाहीत. जुन्या येण्यांपैकी वादातले पाच लाख सोडून उरलेले ४ लाख ३१ मार्चपर्यंत वसूल होतील. जळगावच्या चाचणीतला ग्राहक एप्रिलमध्ये पैसे देऊन घेईल किंवा आम्ही ती दिशा सोडू.

मधलं विधान त्याने हवेत केलं नव्हतं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलं नाही, तर देणाऱ्याला तो खर्च आयकरात त्या वर्षी दाखवता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येतो. ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्याची कंपनी उद्यम नोंदणीची आहे, आणि बिलावर तसं छापलेलं आहे. थकवणाऱ्या ग्राहकांच्या सीएंना त्याने फेब्रुवारीतच मेल टाकली. मालकापेक्षा सीएचा फोन लवकर लागतो.

कधी पहिला पुरतो

पहिल्यासारखं आखूड, शांत पत्र नेहमीच चूक असतं असं नाही. विक्री दहा-पंधरा टक्क्यांनी कमी पडली, कारण एकच आहे आणि वर्षभराहून जास्त पैसे बँकेत आहेत, तर तेरा नावांचं पोस्टमॉर्टेम पत्रात घालायची गरज नाही. ते घरी करा, पत्रात दोन वाक्यं पुरतात. तसंच कंपनी विकण्याची बोलणी चालू असतील तर काय लिहायचं ते आधी वकिलाला दाखवा, मग गुंतवणूकदाराला.

पण पैसे सहा महिन्यांच्या आत संपणार असतील, किंवा कारणांत एक जरी आपल्या मालाचा दोष असेल, तर पहिला मसुदा धोक्याचाच. पैसे घेताना शेअर करारात संस्थापक लिहून देतो की दिलेली माहिती खरी आणि पूर्ण आहे. जानेवारीतले “नऊ महिने” आणि मेमध्ये मागितलेले पैसे एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी आले की त्या कलमाचा अर्थ वेगळा लागतो.

आणि न पाठवणं? तिसरा पर्याय म्हणून तो सगळ्यांच्याच मनात असतो. त्यालाही वाटत होतं, दहा फेब्रुवारीपर्यंत थांबू, दोन मोठ्या ऑर्डर येतायत, मग चांगल्या बातमीवर सुरुवात करू. त्याच्या भागधारक करारात तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांची मुदत आहे, म्हणजे १४ फेब्रुवारी. तांत्रिकदृष्ट्या थांबता आलं असतं. माझी कंपनी होती तेव्हा मी अशीच थांबले होते, सलग दोन तिमाह्या. तिसऱ्या वेळी पैसे मागायला फोन केला तेव्हा पलीकडून शांतपणे विचारलं गेलं, “सहा महिने कुठे होतीस?” उत्तर नव्हतं. पैसेही मिळाले नाहीत.

पत्र जायच्या आदल्या संध्याकाळी त्याने फंडाच्या सरांना फोन केला. सगळ्यात मोठ्या भागधारकाला वाईट बातमी मेलमधून कळू नये, एवढीच पद्धत. दहा मिनिटांचं बोलणं झालं. सरांनी तेरापैकी तीन कुठली आणि त्यांच्याकडे आता कोण जातंय, एवढंच विचारलं. नव्या माणसाने त्या तिघांना तोवर फोन केलेला होता, एकाने डबी बघायला बोलावलं होतं. पावसाबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

मेल ३० जानेवारीला गेली. विषयाच्या ओळीत त्याने आधी “तिसऱ्या तिमाहीचा आढावा” लिहिलं होतं. मी बदलायला सांगितलं: “तिसरी तिमाही: २४ पैकी ११, जूनच्या मध्यापर्यंत पैसे, आणि एक मागणी”. तो म्हणाला, “ताई, असं असेल तर मेल उघडायचीच गरज नाही.” पहिल्या दोन दिवसांत सात जणांनी उत्तर दिलं. आधीच्या पत्राला दोघांनी दिलं होतं, त्यातल्या एकाने नुसता अंगठा.